५२ H7 बोअरचा सीपी आणि सीपीके: पसाऱ्यावरून आकडा कसा काढावा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, रत्नागिरी

ड्रॉइंगवर बोअरच्या मापाशेजारी ‘Cpk १.३३’ लिहिलेले असते आणि सोबत पाच जॉबची मापे जोडून विचारणा येते, ‘हे बसते का?’ पाच मापांवरून याचे उत्तर देता येत नाही. का देता येत नाही आणि ते द्यायला काय लागते, ते एकाच जॉबवर इथे सांगितले आहे. जॉब आहे ६२०५ बेअरिंगचे बिडाचे हाउसिंग. पंपात, काजूच्या यंत्रांवर, कन्व्हेयरच्या रोलरला हे बेअरिंग सर्रास असते. बाहेरचा व्यास ५२ मिमी, म्हणून हाउसिंगचा बोअर ५२ H7.

टॉलरन्सची रुंदी

५० ते ८० मिमीच्या गटात H7 म्हणजे शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. बोअर ५२.००० ते ५२.०३० मिमीमध्ये हवा, म्हणजे रुंदी ३० मायक्रॉन. हा भाग सोपा, कारण तो ड्रॉइंगवरच छापलेला असतो. सीपीच्या भागाकारात ही रुंदी वर जाते आणि यंत्राचा पसारा खाली. सगळी गडबड खालच्या आकड्यात होते.

पसारा म्हणजे नेमके काय

पाच जॉब मोजले, सर्वांत मोठा बोअर ५२.०१९, सर्वांत लहान ५२.०१०. फरक ९ मायक्रॉन. ३० भागिले ९, म्हणजे ३.३ आले, असे समजून पुष्कळ जण निश्चिंत होतात. पण मोठ्यातून लहान वजा केले की जे मिळते ती रेंज, आणि रेंज किती जॉब मोजले त्यावर वाढत जाते. त्याच यंत्रावर, काहीही न बदलता, २५ जॉब मोजले तर रेंज सुमारे १६ मायक्रॉन दिसेल आणि १०० जॉब मोजले तर सुमारे २०. यंत्र तेच, पण उत्तर ३.३ वरून १.९ वर आणि तिथून १.५ वर घसरते. असा आकडा करारात लिहिण्याच्या कामाचा नाही.

म्हणून पसारा सिग्मावरून काढतात. सिग्मा म्हणजे मापे सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्याचे प्रमाण, आणि सहा सिग्मा म्हणजे यंत्राचा पूर्ण पसारा. शॉपमध्ये तो काढण्याची सोपी रीत अशी: सलग निघालेले पाच जॉब हा एक सबग्रुप धरा. ठरावीक वेळाने असे २५ सबग्रुप घ्या, म्हणजे १२५ जॉब. प्रत्येक सबग्रुपची रेंज काढा आणि त्या २५ रेंजची सरासरी घ्या. पाचच्या सबग्रुपसाठी या सरासरीला २.३२६ ने भागले की सिग्मा मिळतो. सबग्रुप चारचा असेल तर भाजक २.०५९ असतो, तो बदलायला विसरू नका.

आपल्या हाउसिंगला रेंजची सरासरी ९.३ मायक्रॉन आली असे धरू. ९.३ भागिले २.३२६ म्हणजे सिग्मा ४.० मायक्रॉन, पसारा २४ मायक्रॉन.

```
Cp  = (USL − LSL) / 6σ = 30 / 24 = 1.25
Cpk = (USL − X̄) / 3σ  आणि  (X̄ − LSL) / 3σ, यांपैकी लहान
```

USL म्हणजे वरची हद्द, LSL खालची आणि X̄ म्हणजे मापांची सरासरी. सीपी १.२५. सुरुवातीला ३.३ दिसणारा तोच जॉब प्रत्यक्षात १.३३ च्याही खाली आहे.

२५-३० जॉबांवरून काढलेल्या सीपीवरही फार भिस्त ठेवू नये. २५ मापांवरून १.२५ आला, तर खरा सीपी ०.९० ते १.६० यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. म्हणूनच १२५ मापांचा आग्रह असतो.

सरासरी कुठे बसली आहे

सीपी फक्त एवढेच सांगतो की पसारा टॉलरन्समध्ये मावतो. तो मधोमध बसला आहे की एका कडेला, हे सीपीके सांगतो. बोअरच्या बाबतीत इथे एक खास सवय आड येते. बोअर लहान राहिला तर पुन्हा कट मारता येतो, मोठा झाला तर जॉब भंगारात. म्हणून ऑपरेटर ऑफसेट खालच्या हद्दीकडे ठेवतो. एकेका जॉबसाठी हा विचार अगदी शहाणपणाचा आहे, पण बॅचसाठी महाग पडतो.

सरासरी ५२.००८ ठेवली असे समजा. वरच्या हद्दीपर्यंत २२ मायक्रॉन, खालच्या हद्दीपर्यंत फक्त ८. तीन सिग्मा म्हणजे १२. वरच्या बाजूचे उत्तर १.८३, खालच्या बाजूचे ०.६७. सीपीके ०.६७, आणि शंभरातले दोनेक बोअर ५२.००० च्या खाली जाणार. ऑफसेट बदलून सरासरी ५२.०१५ वर आणली की दोन्ही बाजूंना १५ मायक्रॉन राहतात आणि सीपीके सीपीइतकाच, १.२५ होतो. मापे नेहमीच्या घंटाकृती वितरणाची असतील तर हद्दीबाहेरचे जॉब दहा हजारांत दोनापेक्षा कमी. या सुधारणेला एक पैसाही लागत नाही, म्हणून ती सर्वांत आधी करावी. ऑफसेट देताना एवढे लक्षात ठेवा की बहुतेक कंट्रोलवर बोअरचा ऑफसेट व्यासावर भरला जातो. तो त्रिज्येवरचा समजून निम्माच भरला तर सरासरी अर्ध्या वाटेतच राहते.

खालच्या हद्दीतून बाहेर गेलेले जॉब पुन्हा बोअर करून बॅचमध्ये मिसळले असतील, तर त्यांची मापे या हिशेबात घेऊ नयेत. निवडून घेतलेल्या जॉबांचेही तसेच. गो/नो-गो प्लगने आधी चाळलेल्या बॅचची मापे हद्दीवर कापल्यासारखी थांबतात आणि पसारा आहे त्याहून अरुंद दिसतो. मापांचा आलेख काढला की हे लगेच ओळखू येते: ५२.००० ला ढीग आहे आणि त्याच्या खाली एकदम रिकामे.

पसाऱ्यात दुसऱ्याच गोष्टी शिरतात तेव्हा

४ मायक्रॉनचा सिग्मा सगळा यंत्राचाच असतो असे नाही. त्यात मोजणाऱ्याचा हात आणि गेज दोन्ही असतात. एकच जॉब, बोअरमध्ये एकाच खोलीवर आणि एकाच दिशेने खूण करून, बोअर गेजने दहादा मोजा. त्या दहा मापांचा सिग्मा २ मायक्रॉन आला असे धरू. सिग्मा सरळ वजा होत नाहीत, त्यांचे वर्ग वजा होतात. १६ वजा ४ म्हणजे १२, आणि १२ चे वर्गमूळ ३.४६. म्हणजे यंत्राचा खरा सीपी १.४४ आहे, गेजमुळे तो १.२५ दिसतो. गेजची कॉन्टॅक्ट पिन झिजली असेल ती बदलून, गेज नीट डोलवून सर्वांत लहान आकडा वाचायची सवय लावून गेजचा सिग्मा १ मायक्रॉनवर आणला, तर एकूण सिग्मा ३.६१ होतो आणि सीपी १.३९. इन्सर्ट, बोरिंग बार, फीड यांना हातही न लावता १.३३ पार होते. म्हणून नवा बोरिंग बार मागवण्याआधी गेज तपासावे, असे आमचे ठाम मत आहे.

उष्णतेचा हिशेब कोकणात विसरून चालत नाही. मापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे आणि इथल्या शॉपमध्ये ते बहुतेक महिने मिळत नाही. बिडाचा जॉब आणि पोलादी सेटिंग रिंग दोन्ही ३२ अंशांवर असतील तर फारसे बिघडत नाही, कारण दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. बिघडते ते दोघांच्या तापमानात फरक असल्यावर. नुकताच यंत्रातून काढलेला जॉब रिंगपेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर ५२ मिमीचा बिडाचा बोअर सुमारे साडेपाच मायक्रॉन मोठा दिसतो. ॲल्युमिनियमचा असेल तर सुमारे १२ मायक्रॉन. काही जॉब गरम, काही गार मोजले की हा फरक थेट पसाऱ्यात मिसळतो. जॉब पुसून सेटिंग रिंगसोबत एकाच सरफेस प्लेटवर ठेवावेत आणि हाताला दोन्ही सारखेच गार लागल्यावर मोजावेत. पावसाळ्यात बिडाच्या बोअरवर काही तासांतच तांबूस पापुद्रा धरतो, त्यामुळे थांबायचे असेल तर तेलाचा हात द्या आणि मोजण्याआधी तो स्वच्छ पुसून काढा.

तिसरी गोष्ट इन्सर्टची झीज. झीज होत गेली की बोअर हळूहळू लहान होतो. सबग्रुपमधले पाच जॉब सलग निघालेले असल्याने त्यांच्या रेंजमध्ये ही घसरण दिसत नाही. शिफ्टभरात सरासरी ५२.०२० वरून ५२.०१० वर सरकली, तरी रेंजवरून काढलेला सिग्मा ४ च राहतो. पण १२५ मापांचा एकत्र सिग्मा काढला तर तो ४.९ च्या आसपास येतो आणि निर्देशांक १.२५ ऐवजी १.०. या दुसऱ्या आकड्याला पीपी म्हणतात, आणि सरासरी धरून काढलेल्याला पीपीके. दोन्हींत मोठा फरक दिसला की दोष यंत्राच्या क्षमतेत शोधू नका, सबग्रुपच्या सरासऱ्या वेळेच्या क्रमाने मांडा. रेषा सावकाश उतरत असेल तर झीज. ठरावीक जॉबांनंतर २-३ मायक्रॉनचा ऑफसेट दिला की ती सावरते. एकदम पायरी पडली असेल तर त्या वेळी काय झाले ते नोंदवहीत पाहा. वीज गेल्यावर स्पिंडल गार होतो आणि पुन्हा सुरू केल्यावरचे पहिले काही बोअर वेगळे येतात. ते जॉब सबग्रुपमध्ये न घेता यंत्र तापू द्यावे.

एवढे करूनही १.३३ होत नसेल तर

सरासरी मधोमध आहे, गेज ठीक आहे, झीज सावरली आहे, तरी सिग्मा ३.७५ च्या वर राहतो, तेव्हा खरोखर कटिंगमध्ये सुधारणा हवी. बोरिंग बारचा बाहेर आलेला भाग कमी करावा, शेवटच्या कटसाठी सर्व जॉबांवर सारखेच मटेरियल राहील असे आधीच्या ऑपरेशनमध्ये पाहावे. पातळ भिंतीचे हाउसिंग तीन जॉच्या चकमध्ये दाबले जात असेल तर सॉफ्ट जॉ वापरावेत. अशा दाबाने आलेला तिकोनी आकार दोन टोकांच्या बोअर गेजवर दिसत नाही, त्याला तीन टोकांचा मायक्रोमीटर लावावा लागतो.

टॉलरन्स वाढवण्याचा मार्ग फक्त ड्रॉइंग करणाऱ्याच्या हातात आहे. त्याच बोअरला H8 चालत असेल तर रुंदी ४६ मायक्रॉन होते आणि त्याच २४ च्या पसाऱ्याला सीपी १.९२ मिळतो. भार हलका असेल आणि बेअरिंगची बाहेरची रिंग स्थिर असेल तर हा प्रश्न ऑर्डरच्या आधी आपल्या डिझायनरला अवश्य विचारा.

आमच्याकडे काम देताना निर्देशांक सीपीके हवा की पीपीके, बोअर किती खोलीवर आणि कोणत्या दिशेला मोजायचा, हे ड्रॉइंगसोबत लिहून पाठवा. अहवालात आम्ही १२५ मापे निघाल्या क्रमाने देतो, जॉब आणि रिंगचे तापमान व गेजचा सिग्मा त्याच पानावर असतो, म्हणजे आपल्याला हा हिशेब स्वतः करून पाहता येईल.