‘तिने त्यालाही तसेच सांगितले’: मोठ्याने वाचायच्या गोष्टीची पार्श्वभूमी

बालवाडीतल्या मुलांना वाचून दाखवायला म्हणून मी एकदा भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीची एक पातळ पुस्तिका घेतली होती. चित्रं छान होती. म्हातारीला वाघ भेटला, तिने त्याला सांगितलं की लेकीकडे जाऊन, खाऊन-पिऊन जाड झाले की मग मला खा. पान उलटलं तर पुढे छापलेलं होतं, ‘मग तिला कोल्हा भेटला. तिने त्यालाही तसेच सांगितले.’ मी वाचलं आणि पुढच्या रांगेतली एक चार वर्षांची मुलगी म्हणाली, ‘काय सांगितलं?’ तिला माहीत होतं काय सांगितलं ते. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं, आणि खरं तर स्वतः म्हणायचं होतं.

‘तसेच सांगितले’ हे वाक्य मराठी बालसाहित्यात कुठून आलं, हे पाहायला छपाईच्या सुरुवातीपर्यंत जावं लागतं.

त्याआधी ही गोष्ट कानावरच जगत होती. सांगणारी आजी समोरच्या पोराचा चेहरा बघून ती लांबवायची, आखडायची. भोपळ्यात बसून घरंगळत जाणारी म्हातारी फक्त आपली नाही. ती बंगालमध्येही आहे, इराणमध्येही आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१० साली बंगालीत अशा गोष्टींचा संग्रह काढला तेव्हा प्रस्तावनेत लिहिलं की संध्याकाळी मुलं न जेवताच झोपायला लागली की पूर्व बंगालातल्या बायका त्यांना जागं ठेवायला या गोष्टी सांगतात. मला ही नोंद फार मोलाची वाटते. गोष्टीतलं पालुपद तिथे शोभेसाठी नाही. पेंगुळलेल्या पोराचं लक्ष सुटलं तरी दोन मिनिटांनी ओळखीची ओळ येते आणि ते गोष्टीत परत शिरतं.

मराठीत मुलांसाठी छापलेली पहिली पुस्तकं मात्र अशा ऐकणाऱ्या मुलांची नव्हती. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली आले. ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच, ते इंग्रजीमार्गे मराठीत आलं. ही पुस्तकं शाळेत जाणाऱ्या, अक्षर ओळखणाऱ्या मुलांसाठी होती. गोष्ट वाचायची, भाषा शिकायची, शेवटचं तात्पर्य ध्यानात धरायचं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला पालुपद तीनदा लागत नाही, कारण तो हवं तर मागचं पान काढून बघतो. पुढे लोककथा छापल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांनाही हाच साचा मिळाला: लांब वाक्यं, नेटकं निवेदन आणि पुनरुक्ती दिसली की कात्री.

दुसरी गोष्ट लेखननियमांची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ‘होतं, केलं, शेणाचं’ अशी बोलण्यातली रूपं पात्रांच्या तोंडी ठेवायला मुभा दिली, पण निवेदनात ‘होते, केले, शेणाचे’ हीच रूपं योग्य ठरली. छापील भाषेत एकसारखेपणा यावा म्हणून ते रास्तही होतं. पण ‘कावळ्याचे घर होते शेणाचे’ हे तीन वर्षांच्या मुलाला वाचून दाखवलं की ‘होते’पाशी ते अडखळतं. त्याच्या कानाला ‘होते’ म्हणजे ‘ते लोक होते’ किंवा ‘ती मोठी होते’. त्याच्या घरात कुणीही ‘घर होते’ म्हणत नाही. मोठ्याने वाचणारी बाई वाचता वाचता आपोआप ‘होतं’ करते. गोष्ट वाचनासाठी बेतणं म्हणतात ते बहुतेक घरांत असंच, नकळत, सुरू होतं.

हे जाणून-बुजून करायची वाट गुजरातेतून आली. गिजुभाई बधेका वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर काढलं. गोष्ट कशी निवडावी, कोणत्या वयाला कोणती, कशी सांगावी, यावर त्यांनी गुजरातीत अख्खा ग्रंथ लिहिला. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत भावनगरला काम करत होत्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी हे काम पुढे बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांसोबत कोसबाडला नेलं, वारली पाड्यांपर्यंत. शाळेत यायच्या आधीच्या वयाचं मूल हा स्वतंत्र श्रोता आहे, हे मराठीत या कामामुळे रुजलं. दीडशे पानी वाचनमालेची भाषा त्या अंगणात चालणारच नव्हती.

आता त्या पुस्तिकेकडे परत येते. ती वाचण्यासाठी मी नव्याने लिहून काढली. छापील ओळ अशी होती: ‘“मुलीच्या घरी जाऊन पौष्टिक अन्न खाऊन मी धष्टपुष्ट होईन, त्यानंतर तू मला खा,” असे म्हातारी वाघाला म्हणाली.’ यात पहिली अडचण कोण बोलतंय ही. डोळ्याला अवतरणचिन्ह दिसतं, कानाला दिसत नाही. वाक्य संपेपर्यंत मुलाला कळत नाही की हे वाघ बोलतोय की म्हातारी. म्हणून ‘म्हातारी म्हणाली’ आधी घेतलं. मग बोलणं जुन्या ठेक्यावर आणलं:

म्हातारी म्हणाली,
‘लेकीकडे जाईन,
तूपरोटी खाईन,
जाडजूड होईन,
मग मला खा!’

पहिल्या तीन ओळी कागदावर सात-सात अक्षरांच्या आहेत आणि म्हणताना प्रत्येकीला दोन ठोके पडतात. चौथी ओळ पाच अक्षरांची, आणि सगळा भार ‘खा’वर. तिथे आवाज थांबतो आणि मुलं हसतात. ‘लेकीकडे’च्या जागी ‘मुलीकडे’ चालेल का, हे मी करून पाहिलं. अक्षरं तेवढीच राहतात, पण चार वर्षांच्या मुलाला ‘मुलगी’ म्हणजे शेजारी बसलेली मुलगी. ‘लेक’ एकदा समजावली की पुरते. ‘तूपरोटी’ही तशीच ठेवली. अनोळखी शब्द पालुपदात असला तर तो पुन्हा कानावर पडतो आणि ओळखीचा होतो. तोच शब्द निवेदनात एकदाच आला तर मूल तिथे गळतं, म्हणून निवेदनातला ‘निबिड अरण्य’ काढून ‘मोठ्ठं रान’ केलं.

प्राणी मी दोनच ठेवले, आधी वाघ, मग कोल्हा. परतीला उलट, आधी कोल्हा, मग वाघ. हा उलटा क्रम मुलं आधीच ओळखतात आणि सांगतात. पुस्तिकेत चार प्राणी होते, तितके ठेवले तर तिसऱ्यापाशी मागच्या रांगेत चुळबुळ सुरू व्हायची. पालुपद जास्त झाल्याची तीच खूण. कमी झालं तर खूण वेगळी: मुलं ओठ हलवतात पण आवाज काढत नाहीत, कारण ओळ अजून तोंडात बसलेली नसते. परतीच्या ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मध्ये शब्द एकदाही बदलायचा नाही. एका वाचनात मी चुकून ‘टुणटुण’ म्हटलं, तर तिघांनी एकदम दुरुस्त केलं.

‘तसेच सांगितले’ हे वाक्य माझ्या प्रतीत आता नाही. त्या जागी ‘म्हातारी म्हणाली’ एवढंच लिहिलंय आणि पुढे मोकळी जागा आहे. कोल्ह्यापाशी आले की मी तेवढं वाचते आणि थांबते.