आपोआप गेलेलं उत्तर ‘उत्तर’ मानायचं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

व्यापारी संघाच्या सभेत छोटं व्याख्यान आहे : समाजमाध्यमांवर काय यंत्रावर सोपवावं आणि काय स्वतः करावं. प्रश्न सहसा ‘कोणतं टूल घेऊ?’ असा विचारला जातो. पण यंत्राचं काम कुठे संपतं आणि माणसाचं कुठे सुरू होतं, याची रेघ गेल्या पंधरा-सोळा वर्षांत बरीचशी त्या त्या माध्यमांनीच आखली आहे. ती कशी आखली गेली हे माहीत असलं, की टूल निवडणं सोपं जातं.

सुरुवातीच्या काळावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. २००८च्या सुमारास पोस्ट आधी लिहून ठेवून ठरल्या वेळी टाकणारी बाहेरची साधनं आली. २०११मध्ये तक्रार होती, की अशा साधनांतून टाकलेली पोस्ट फेसबुक कमी लोकांना दाखवतं. २०१२मध्ये फेसबुकने पेजवरच वेळ ठरवून पोस्ट टाकण्याची सोय दिली आणि हा वाद जवळजवळ मिटला. आज पोस्ट शेड्यूल करण्यात गैर काहीच मानलं जात नाही, मानूही नये.

धोका वेगळ्याच ठिकाणी होता. जानेवारी २०१३मध्ये ब्रिटनमध्ये गोमांस म्हणून विकलेल्या पदार्थांत घोड्याचं मांस सापडल्याचं प्रकरण गाजत होतं. ऐन त्या वेळी त्यात नाव आलेल्या एका मोठ्या साखळी दुकानाच्या खात्यावरून रात्रीचा निरोप घेणारं ट्वीट गेलं. झोपायला जाण्यासाठी इंग्रजीत ‘गवतावर अंग टाकणे’ अशा अर्थाचा जो वाक्प्रचार आहे, नेमका तोच त्यात होता. माफी मागताना दुकानाने सांगितलं, की ट्वीट प्रकरण बाहेर येण्याआधीच शेड्यूल केलं होतं. ते खरं मानलं, तरी रांगेत काय काय उभं आहे हे पाहून ती थांबवणारं त्या दिवशी कोणी नव्हतं, हे उरतंच. लहान दुकानदारासाठी यातला उपयोगाचा भाग एवढाच : रांग कोणीही भरो, ती थांबवण्याचा पासवर्ड आणि अधिकार नेहमी हाताशी असलेल्या एका माणसाकडे हवा.

यंत्राने ओळखी वाढवण्याचा प्रकार तर माध्यमांनीच बंद करत आणला. जो फॉलो करेल त्याला आपोआप फॉलो करण्यावर ट्विटरने २०१३मध्ये बंदी घातली. तिथेच एकच मजकूर अनेक खात्यांवरून एकदम टाकणं २०१८मध्ये बंद झालं. बाहेरच्या अ‍ॅपने मिळवलेल्या लाइक, फॉलो आणि कमेंट काढून टाकणार असल्याचं इन्स्टाग्रामने त्याच वर्षी जाहीर केलं. म्हणजे या बाबतीत दुकानदाराला ठरवायचं काही उरलेलंच नाही. ‘महिन्यात हजार फॉलोअर’ देणारा कोणी दारात आला, तर त्यात पणाला लागतं ते आपलं खातं.

खरा वाद झाला तो २०१५मध्ये. तो आज विसरला गेला असला, तरी व्याख्यानातला प्रत्येक प्रश्न शेवटी तिथेच येऊन पोहोचतो.

त्या वर्षी फेसबुकने पेजवर एक हिरवी खूण द्यायला सुरुवात केली : हे पेज संदेशांना झटपट उत्तर देतं. अट दुहेरी होती. आलेल्या संदेशांपैकी ९० टक्क्यांना उत्तर गेलं पाहिजे, आणि उत्तराच्या वेळेचा मध्यक पाच मिनिटांच्या आत हवा. सरासरी न धरता मध्यक धरल्यामुळे एखाद्या संदेशाला दिवस लागला तरी चालत असे, पण निम्म्या संदेशांना पाच मिनिटांत उत्तर देणं भाग होतं. पुढे ही मर्यादा पंधरा मिनिटांपर्यंत सैल झाली. याच सुमारास पेजना झटपट उत्तराचीही सोय मिळाली : संदेश आला, की आधी लिहून ठेवलेला मजकूर आपोआप जायचा.

आता ही दोन्ही एकत्र ठेवून पाहा. झटपट उत्तर एका क्षणात जातं आणि प्रत्येकाला जातं. ते मोजमापात धरलं असतं, तर प्रत्येक पेजला शंभर टक्के मिळाले असते आणि खुणेला काही अर्थ उरला नसता. म्हणून आपोआप गेलेलं उत्तर उत्तराच्या प्रमाणातही धरायचं नाही आणि वेळेतही नाही, असा नियम झाला. माणसाने पाठवलेला पहिला संदेश जाईपर्यंत घड्याळ चालूच.

यावर दुकानदारांचा आक्षेप साधा होता आणि तो चुकीचा नव्हता. गिऱ्हाइकाने विचारलं ‘आज उघडं आहे का?’ आणि आपोआप गेलेल्या मजकुरात दुकानाची वेळ होती, तर त्याला उत्तर मिळालंच की. त्यानंतर माणसाने ‘हो’ लिहायचं ते केवळ मोजमापासाठी? शिवाय दहा माणसं बसवून संदेश पाहणारी कंपनी आणि एकट्याने गल्ला सांभाळणारा दुकानदार एकाच पट्टीने मोजले जात होते. दुकान बंद असतानाचे संदेश मोजमापातून वगळण्याची ‘अवे’ची सोय मिळाल्यावर त्यातला बराच त्रास कमी झाला.

तरीही माझ्या मते निर्णय योग्य होता. झटपट उत्तर हे संदेश न वाचता गेलेलं असतं. ‘उघडं आहे का’ विचारणाऱ्याला आणि ‘तुमच्या वस्तूने हात भाजला’ सांगणाऱ्याला तोच मजकूर जातो. पहिल्याचं काम होतं हा योगायोग. दुसऱ्याला मात्र कळतं, की आपलं म्हणणं कोणी वाचलेलंच नाही.

या मोजमापाची कमजोर बाजू दुसरीकडे होती, आणि ती त्याआधीच दिसलेली होती. २०१३मध्ये एका मोठ्या अमेरिकी बँकेच्या ट्विटर खात्याने आंदोलकांच्या टीकेला आणि टोमण्यांना एकाच साच्यातली ‘आम्ही मदत करू’ छापाची उत्तरं दिली. लोकांनी ते खातं यंत्र चालवतं असं धरून खिल्ली उडवली. बँकेचं म्हणणं पडलं, की उत्तरं माणसंच देत होती. फेसबुकच्या मोजमापात अशी उत्तरं पूर्ण गुणांनी पास झाली असती. मोजमाप कोणाचा हात होता एवढंच बघत होतं, संदेश वाचला गेला का हे त्याला कळण्यासारखं नव्हतं.

२०१६मध्ये मेसेंजरवर बॉटना दार उघडलं आणि काही काळ सगळं संभाषणच यंत्र करेल अशी हवा होती. बटणं दाबून उत्तर मिळतं तोवर ते चाललं. गिऱ्हाईक मनातलं वाक्य लिहू लागलं, की बॉट पुन्हा पहिल्या यादीवर यायचा.

२०१८च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपचं व्यवसायासाठीचं अ‍ॅप आलं, आणि त्यातल्या सोयींची विभागणी मला आजही सगळ्यांत शहाणपणाची वाटते. पहिल्यांदा किंवा १४ दिवसांच्या खंडानंतर लिहिणाऱ्याला जाणारा स्वागताचा संदेश आपोआप जातो. दुकान बंद असल्याचा संदेशही आपोआप जातो. पण ‘क्विक रिप्लाय’मध्ये मजकूर तयार असला, तरी तिरकी रेघ टाइप करून कोणता पाठवायचा हे माणूसच ठरवतो, आणि त्यासाठी आलेला संदेश वाचावाच लागतो. २०१५च्या भांडणाचं उत्तर त्यात आहे : टंकणं यंत्राचं, निवड माणसाची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोठ्या व्यवसायांसाठी एपीआय, म्हणजे बाहेरच्या साधनांना व्हॉट्सअ‍ॅपशी जोडणारा दुवा, आला आणि त्याबरोबर २४ तासांची अट. गिऱ्हाइकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास मनासारखं लिहिता येतं. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेलं टेम्पलेटच पाठवता येतं. साध्या बिझनेस अ‍ॅपवर ही अट नाही. पण कोणी ‘सगळे संदेश एका ठिकाणी’ देणारी सेवा विकत असेल, तर ती बहुधा एपीआयवर चालते. घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

अशी सेवा घेतलेल्या दुकानात ही अट कशी अडवते ते पाहा. शनिवारी रात्री ८:४०ला गिऱ्हाईक लिहितं : काल नेलेली वस्तू खोक्यातच फुटलेली निघाली, बदलून द्याल का? लगेच मजकूर जातो : ‘संपर्काबद्दल धन्यवाद! लवकरच उत्तर देऊ. तोवर आमचा नवा माल पाहा.’ रविवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी १० वाजता कोणीतरी पाहतं, तेव्हा ३७ तास २० मिनिटं झालेली असतात. मुदत रविवारी रात्री ८:४०लाच संपली. आपोआप गेलेल्या मजकुराने ती वाढत नाही, ती गिऱ्हाइकाच्या संदेशाने सुरू होते. आता ‘आणा, बदलून देतो’ एवढं साधं वाक्यही पाठवता येत नाही. ‘तुमच्या चौकशीबद्दल बोलायचं आहे’ अशा टेम्पलेटला गिऱ्हाइकाने उत्तर दिलं, तरच दार पुन्हा उघडतं.

इथे यंत्र काढून टाकण्याची गरज नाही. मजकूर बदलावा : आत्ता दुकान बंद आहे, सोमवारी दहाला माणूस पाहील, तक्रार असेल तर बिलाचा आणि वस्तूचा फोटो पाठवून ठेवा. नव्या मालाची जाहिरात त्यातून काढावी, कारण वाचणारा कोणत्या मनःस्थितीत आहे हे माहीत नसतं. आणि रविवारी संध्याकाळी एकदा कोणीतरी इनबॉक्स उघडून फक्त तक्रारींना दोन ओळी लिहाव्यात.

अलीकडची अडचण इन्स्टाग्रामवरची आहे. २०२१पासून तिथले संदेश बाहेरच्या साधनांना खुले झाले, आणि कमेंटमध्ये ठरावीक शब्द दिसला की खासगी संदेश पाठवण्याची पद्धत रूढ झाली. माल दाखवणाऱ्या पोस्टखाली ‘किंमत’ लिहिणाऱ्याला दरपत्रक जाणं हे यंत्राने करावं असंच काम आहे. पण नियम असा, की एका कमेंटवर सात दिवसांच्या आत एकच खासगी संदेश पाठवता येतो. त्याला समोरच्याने उत्तर दिलं तरच पुढे बोलता येतं.

आता कोणी लिहिलं, ‘किंमत जास्त घेतलीत आणि माल खराब दिलात.’ साधनाला त्यात ‘किंमत’ दिसते. दरपत्रक जातं आणि ती एकुलती एक संधी त्यातच खर्च होते. चिडलेला माणूस दरपत्रकाला उत्तर देण्याची शक्यता कमीच. म्हणून ट्रिगर, म्हणजे कोणत्या शब्दावर संदेश जावा ते, लावताना ‘कमेंटमध्ये हा शब्द आहे’ याऐवजी ‘कमेंट म्हणजे फक्त हाच शब्द आहे’ अशी अट मिळते का ते पाहावं. ती मिळत नसेल, तर ‘दर१’सारखा तक्रारीत सहसा न येणारा शब्द ठरवून पोस्टमध्येच सांगावा. संधी गेलीच असेल, तर कमेंटखाली सर्वांसमोर, स्वतः टंकून उत्तर देण्याचा मार्ग मात्र उघडा राहतो. त्या उत्तरात बिल कधीचं आणि माल कोणता एवढं जरी विचारलं, तरी दुकानातल्या कोणीतरी तक्रार वाचली हे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही दिसतं.