जन्मवर्षाचे दोन अंक व शतकनिर्णय

जुन्या अर्जांवर, दाखल्यांवर व नोंदवह्यांत जन्मवर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिलेले असताना ते विसाव्या शतकातील धरावेत की एकविसाव्या, हे ठरविण्याच्या रीतीस शतकनिर्णय म्हणता येईल.

संगणकीय प्रणालींत यासाठी सीमावर्ष वापरतात. संगणक प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकानुसार `%y` या दोन अंकी वर्षाच्या खुणेने वाचलेले ६९ ते ९९ हे अंक १९६९ ते १९९९, तर ०० ते ६८ हे २००० ते २०६८ समजले जातात. ६९ हीच सीमा का, याविषयी एकमत नाही. युनिक्स या संगणकप्रणालीची कालगणना १ जानेवारी १९७० पासून सुरू होते, एवढ्यावर काहींचे समाधान होते. परंतु मग सीमा ७० असावयास हवी होती. ग्रीनिचच्या पश्चिमेस त्या आरंभक्षणी स्थानिक तारीख ३१ डिसेंबर १९६९ होती, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे वाटते. एक्सेलमध्ये मात्र ही सीमा बहुधा २९ व ३० यांच्यामध्ये असते. कारण कोणतेही असो, जन्मतारखेसाठी या सीमा कुचकामी आहेत, कारण १९६५ साली जन्मलेली व्यक्ती पहिल्या नियमाने २०६५ सालची ठरते.

जन्म अर्जाच्या तारखेनंतरचा असू शकत नाही, हा खरा आधार होय. म्हणून सीमा आजच्या दिवसावरून नव्हे, तर त्या अर्जाच्या तारखेवरून काढावी. ९ जून २००५ च्या अर्जावर १४-८-०५ असल्यास २००५ बाद होते व १९०५ उरते. वर्ष तेच असले तरी येथे महिना निर्णायक ठरतो. त्याच अर्जावर १४-३-९९ असते, तर १९९९ व १८९९ हे दोन्ही पर्याय तत्त्वतः शक्य राहिले असते आणि वय सहा की एकशेसहा, हे अर्जाच्या प्रकारावरून ठरवावे लागले असते. पहिलीच्या प्रवेशअर्जात शंकेला जागा नाही. कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या अर्जात मात्र वारस म्हणून लहान मूल व वृद्ध आई दोघेही संभवतात, तेव्हा नात्याचा रकाना पाहावा. अमेरिकेतील विनोना येथे १९९२ मध्ये १०४ वर्षांच्या एका स्त्रीला बालवाडीत येण्याचे निमंत्रण गेले होते, ते तिच्या ‘८८’ या अंकांमुळे.

अर्जावर तारीख नसेल तर आवक शिक्क्यावर विसंबावे. वर्षाच्या जागी आधीच छापलेला ‘१९’ हा मात्र भक्कम पुरावा नव्हे, कारण जुने कोरे अर्ज २००० नंतरही वापरले जाऊ शकत. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली १ जून ही जन्मतारीख पुष्कळ आढळते. अशा नोंदीत महिन्यावरून केलेला निर्णय दुबळा मानावा.

फिनलंडच्या व्यक्तिक्रमांकात शतकाची खूण मुळातच असते: एकोणिसाव्या शतकासाठी अधिकचिन्ह, विसाव्यासाठी आडवी रेघ व एकविसाव्यासाठी ए हे अक्षर, २०२३ पासून नव्या क्रमांकांसाठी आणखी काही अक्षरे योजली आहेत. स्वीडनमध्ये आडव्या रेघेऐवजी अधिकचिन्ह येते ते व्यक्ती शंभर वर्षांची होते त्या वर्षापासून. त्यामुळे तेथील जुन्या कागदावरील रेघ वाचतानाही कागदाचा काळ ठाऊक असावा लागतो.