कंस असलेली ओळ आणि स्कॅनरने दिलेली ओळ

औषधाच्या खोक्यावरच्या छोट्या चौकोनी डेटामॅट्रिक्स कोडशेजारी बहुतेक वेळा त्याचा मजकूरही छापलेला असतो. तोच कोड स्कॅन केला की एक लांबलचक ओळ मिळते. दोन्हीकडे माहिती तीच, म्हणून एकीच्या जागी दुसरी बिनधास्त चिकटवली जाते, आणि घोळ तिथेच होतो. एक नमुना घेऊ:

```
(01)09506000134352(17)271231(10)AB12(21)X7K9
01095060001343521727123110AB12<GS>21X7K9
```

वरची ओळ माणसाने वाचण्यासाठी आहे. `01` नंतर वस्तूचा १४ अंकी क्रमांक, `17` नंतर मुदत संपण्याची तारीख (वर्ष, महिना, दिवस), `10` नंतर बॅच आणि `21` नंतर सिरियल क्रमांक. यातले कंस फक्त छपाईत असतात, कोडमध्ये ते नसतातच. त्यामुळे स्कॅन केल्यावर कंस दिसले, तर बहुधा कोड बनवतानाच चूक झाली आहे: कुणीतरी वरची ओळ जशीच्या तशी कोडमध्ये भरली असेल.

खालची ओळ यंत्रासाठी आहे, आणि यंत्राला कंस लागत नाहीत. `01` नंतर १४ आणि `17` नंतर ६ अंक येणार हे ठरलेलं असल्याने तिथे तोडायला खूण लागत नाही. बॅच मात्र २० अक्षरांपर्यंत कितीही लांब असू शकते. ती कुठे संपली हे सांगायला तिच्यामागे एक अदृश्य विभाजक येतो. वर तो `<GS>` असा लिहिला आहे, पण प्रत्यक्षात ते आस्की २९ क्रमांकाचं एकच चिन्ह आहे.

कीबोर्डसारखा टाइप करणारा स्कॅनर हे चिन्ह कित्येकदा गाळतो किंवा समोरचा रकाना ते स्वीकारत नाही. मग उरतं ते असं:

```
01095060001343521727123110AB1221X7K9
```

आता बॅच `AB1221X7K9` अशी वाचली जाते आणि सिरियल क्रमांक गायब होतो. वाईट म्हणजे कुठेही चूक दाखवली जात नाही, कारण दहा अक्षरांची बॅच नियमात बसते. १४ अंकी क्रमांकाचा शेवटचा तपासणी अंकही इथे उपयोगाचा नाही, तो फक्त त्या क्रमांकापुरता असतो. एकदा विभाजक गेला की नुसत्या ओळीवरून खरी बॅच कोणती हे ठरवता येत नाही, खोक्यावरची छपाईच पाहावी लागते.

ओळखायचं कसं? स्प्रेडशीटमध्ये ओळ चिकटवून `LEN` ने अक्षरं मोजा. आपल्या नमुन्यात विभाजक शाबूत असेल तर ३७, गेला असेल तर ३६. सुरुवातीला `]d2` आलं असेल तर ती स्कॅनरने लावलेली कोडप्रकाराची खूण आहे, तिची ३ अक्षरं वजा करा. कायमचा उपाय स्कॅनरच्या सेटिंगमध्ये आहे: विभाजकाच्या जागी `|` सारखं दिसणारं चिन्ह पाठवायला सांगा, आणि ओळ वाचणाऱ्या प्रोग्रामलाही तेच चिन्ह विभाजक म्हणून द्या.