ताम्हण कुठे लावायचा? बंगल्याच्या रेंडरमधली खरी वाटणारी बाग

बंगल्याचं रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेलं चित्र, बघताना भिंती, खिडक्या, फरशी सगळं पटतं आणि नजर बागेवर गेली की चित्र खोटं वाटायला लागतं. झाडांची मॉडेल हल्ली उत्तम मिळतात, त्यामुळे दोष बहुतेक वेळा मॉडेलचा नसतो. ते झाड त्या जागी जगलंच नसतं, आणि कोकणपट्टीत वाढलेल्या माणसाला हे कारण सांगता आलं नाही तरी जाणवतं. म्हणून तयार झाडांच्या मॉडेलची लायब्ररी उघडण्याआधी ऊन ठरवायचं.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी 18 मीटर रुंद आणि 25 मीटर खोल प्लॉट आहे. बंगला दुमजली, 7 मीटर उंच. दर्शनी बाजू दक्षिणेला, पुढे 8 मीटरची बाग, मागे उत्तरेला 3 मीटरची पट्टी, पश्चिमेला 4 मीटर आणि पूर्वेला 2 मीटर मोकळी जागा.

ठाणे साधारण 19.2 अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो आणि 7 मीटरच्या बंगल्याची सावली उत्तरेला सुमारे 6.4 मीटर पडते. मार्चच्या विषुवदिनीही ती जवळजवळ अडीच मीटर असते. म्हणजे मागची पट्टी हिवाळाभर भर दुपारीही सावलीत. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे सरकतो खरा, पण त्यातला बराच काळ ढगांत जातो. त्या पट्टीत फुलांनी लगडलेली बोगनवेल दाखवली की चित्र फसलं. तिथे नेचे, अळू, भिंतीवर चढणारा मॉन्स्टेरा शोभतात, कारण ते तिथे खरोखर वाढतात.

पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. अगदी पायथ्याच्या प्लॉटवर सूर्य मावळतीच्या आधीच डोंगराआड जातो. रेंडरमध्ये सगळ्यांना आवडणारं ते जमिनीलगतचं सोनेरी ऊन पश्चिमेकडून इथे येतच नाही. तिरपं ऊन हवंच असेल तर सकाळचं घ्यावं, पूर्वेकडून. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये Sun Position हे अ‍ॅड-ऑन आहे. त्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ भरली की सूर्य योग्य जागी येतो, मात्र डोंगर आपल्यालाच उभा करावा लागतो.

आता थर. पानांचा एक पूर्ण थर, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक चौरस मीटर पानं, ढोबळमानाने चाळीस टक्के ऊन अडवतो. दुसरा थर उरलेल्यातलं चाळीस टक्के अडवतो, आणि असंच पुढे. चार थरांखाली मूळ उन्हाचा सातवा-आठवा हिस्सा उरतो. आंब्याखाली हिरवळ धरत नाही ती प्रामुख्याने यामुळेच. तरीही डेरेदार आंब्याच्या बुंध्यापर्यंत गालिच्यासारखं लॉन पसरलेली रेंडर सर्रास दिसतात. खऱ्या बागेत तिथे वाळका पालापाचोळा, उघडी माती आणि मधूनच नेचा असतो. तेवढं दाखवलं तरी झाड जमिनीत रुजल्यासारखं दिसतं.

आपल्या प्लॉटवर पहिलं झाड नैऋत्य कोपऱ्यातला ताम्हण. आपलं राज्यफूल म्हणून नव्हे, तर दुपारनंतरचं सगळ्यात त्रासदायक ऊन त्याच दिशेने येतं म्हणून. त्याची उंची 7 मीटर आणि फांद्यांचा विस्तार 5 मीटर धरू. त्याच्या ईशान्येला, घराच्या बाजूला, तीन सुपाऱ्या: साधारण 4, साडेपाच आणि 7 मीटरच्या. सुपारीच्या कोवळ्या खोडाला नैऋत्येच्या उन्हाने चट्टे पडतात आणि पुढे खोड तडकतं. बागायतदार ते ऊन चुकवायची काळजी घेतात. ताम्हणाच्या सावलीत सुपारी ठेवली की थर आपोआप तयार होतो आणि त्यामागे कारणही असतं. तिन्हींची उंची सारखी ठेवली तर मात्र खांब रोवल्यासारखं दिसतं.

मधल्या थरात केळीचं एक बेट आणि हेलिकोनिया. त्यांच्या पुढे गुडघ्याएवढी एक्झोरा, तिच्या पायाशी स्पायडर लिली. एकेक झाड सुटं पेरण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सात झाडं एकत्र, कडा वेड्यावाकड्या ठेवून लावावीत, कारण हेलिकोनिया आणि केळ जमिनीखालच्या कंदातून पसरतात आणि बेटं करतात. वीस जातींचं एकेक झाड ठेवलं की नर्सरीचं दुकान दिसतं.

केळीच्या पानाकडे जरा थांबून बघा. मधल्या जाड शिरेपासून कडेपर्यंत समांतर शिरा जातात आणि वाऱ्याने पान त्याच रेषांत फाटतं. कंपाउंडजवळच्या, वारा खाणाऱ्या केळीची जुनी पानं चिंध्या झालेली असतात. नुकतं उलगडलेलं, सरळ उभं पान मात्र अखंड असतं. भिंतीच्या आडोशाची केळ बरीचशी शाबूत राहते. उघड्यावर उभी केळ आणि तिची सगळी पानं गुळगुळीत, हे ठाण्याच्या पावसाळ्यात शक्य नाही.

प्रमाण बिघडतं तेही केळीवरच चटकन कळतं. समजा, लायब्ररीतली केळ अडीच मीटर उंच आहे, तिचं पान दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. डिझायनरला 5 मीटरची केळ हवी, म्हणून त्याने मॉडेल दुप्पट केलं. पान 3 मीटर लांब आणि एक मीटर रुंद झालं, म्हणजे बंगल्याच्या दाराएवढं रुंद. बघणाऱ्याला केळ मोठी वाटत नाही, घर बाहुलीचं वाटतं. झाड वाढतं तेव्हा पानांची संख्या आणि खोडाची उंची वाढते, पण पान एका मर्यादेपलीकडे मोठं होत नाही. म्हणून मॉडेलचा आकार पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त कमी-अधिक करू नये, जास्त वयाचं वेगळं मॉडेल घ्यावं. तपासायला 2.1 मीटरचं दार आणि एक उभा माणूस जवळ ठेवावा. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, दीड-पावणेदोन मीटरवर असावा. फार रुंद लेन्स घेतली की 8 मीटरची बाग चाळीस मीटरची भासते आणि घरमालक मग जागेवर येऊन हिरमुसतो.

पानांचा रंग बहुतेक जण फार उजळ ठेवतात. पान त्याच्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग शोषून घेतं, त्यामुळे समोरून ते बरंच गडद दिसतं. उजळ पोपटी छटा येते ती सूर्य पानामागे असताना, प्रकाश पानातून आरपार आल्यावर. म्हणून मूळ रंग गडद ठेवून पानाच्या मटेरियलमध्ये थोडा आरपार जाणारा प्रकाश मिसळावा. ब्लेंडरमध्ये त्यासाठी Translucent BSDF आहे. चमकही जातीनुसार बदलते. आंब्याचं जुनं पान तुकतुकीत असतं आणि नवी पालवी तांबूस. अळूचं पान अजिबात चमकत नाही, त्याच्यावर पाणी पसरत नाही, थेंब घरंगळतात. सगळ्या पानांना एकच चमक दिली की प्लॅस्टिक दिसतं.

शेवटी महिना ठरवा. ताम्हण जांभळा फुलतो तो एप्रिल ते जूनच्या सुमारास, सोनटक्का पावसाळ्यात, आणि देवचाफा हिवाळ्यात बहुधा निष्पर्ण असतो. फुललेला ताम्हण आणि फुललेला सोनटक्का एका चित्रात नको. पावसाळा दाखवत असाल तर कंपाउंडच्या भिंतीवर खालून शेवाळ हवं आणि कोपऱ्यात तेरडाही चालेल.

महिन्याइतकंच वर्षही महत्त्वाचं. 7 मीटरचा ताम्हण लावणीच्या दिवशी नसतो. नर्सरीतून येतं ते दीड-दोन मीटरचं, काठीला बांधलेलं रोप. घरमालकाला दोन रेंडर द्यावीत, एक लावणीच्या पावसाळ्याचं आणि एक काही वर्षांनंतरचं, दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून, कोपऱ्यात महिना आणि वर्ष लिहून. पहिल्या चित्रात सुपारीवर सावली धरायला ताम्हण पुरेसा नसतो, हे लगेच दिसतं. मग सुरुवातीची काही वर्षं ते काम केळीच्या बेटाला द्यायचं आणि बेट नैऋत्येकडे सरकवायचं, हेही तिथेच ठरतं.