गोल डब्या-बाटल्यांवरचा वळलेला मजकूर (एकाच बाजूच्या फोटोत)

बाटली, टिन, बरणी असल्या गोल पॅकिंगवर लेबल गुंडाळलेलं असतं आणि फोटो एकाच बाजूने काढला की त्यातला जेमतेम निम्मा मजकूर दिसतो, आणि जो दिसतो तोही सगळीकडे सारखा वाचता येत नाही. मधली अक्षरं नीट रुंद, कडेला जाल तशी चिंचोळी, आणि अगदी कडेला नुसत्या उभ्या रेघा.

लोणच्याची 7 सेमी व्यासाची बरणी घ्या. परीघ साधारण 22 सेमी, म्हणजे समोर येतो जास्तीत जास्त 11 सेमी. समजा फोटोत बरणी 1000 पिक्सेल रुंद आलीय. मध्यापासून उजवीकडचे पहिले 250 पिक्सेल घेतले तर त्यात लेबलचा 1.8 सेमी भाग बसतो, आणि कडेच्या शेवटच्या फक्त 67 पिक्सेलमध्येसुद्धा तेवढाच 1.8 सेमी भाग कोंबलेला असतो! 3 मिमी रुंदीचं अक्षर मध्यावर 43 पिक्सेलचं दिसतं, मध्यापासून 60 अंश वळलं की निम्मं होतं आणि 75 अंशाला जेमतेम 11 पिक्सेल उरतात. उंची मात्र तेवढीच राहते, म्हणून लांबून बघितलं तर अक्षर आहे असं वाटतं पण वाचता येत नाही. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो कारण आपल्याकडे उभे दंड आणि काने खूप, ते एकमेकांना चिकटतात, मग घ की ध, भ की म हे ठरवणं अवघड होतं. दोन शब्दांमधली जागाही तशीच आकसते आणि दोन शब्द एकच वाटायला लागतात.

जवळ गेलं की जास्त दिसेल असं वाटतं पण इथे उलटं होतं. याच बरणीपासून मोबाईल 10 सेमीवर धरला तर 180 पैकी साधारण 150 अंशच दिसतात, दोन्ही कडांचा जवळजवळ एकेक सेमी मजकूर पलीकडे लपतो. अर्ध्या मीटरवर जाऊन झूम केलं तर 172 अंशांपर्यंत दिसतं. कॅमेरा लेबलच्या उंचीला धरावा, वरून काढला तर ओळी मध्ये खाली झुकतात आणि खालून काढला तर कमानीसारख्या वर जातात. ही वाकलेली ओळ ओळखायला शिरोरेघ फार कामाची आहे, तिचा बाक आयताच दिसतो.

फोटो सपाट करायचं सूत्र सोपं आहे. सपाट चित्रात मध्यापासून s अंतरावरचा उभा पट्टा मूळ फोटोत कुठे सापडेल ते असं काढतात (R म्हणजे फोटोतली बरणीची त्रिज्या, cx म्हणजे तिचा मध्य, सगळं पिक्सेलमध्ये आणि कॅमेरा पुरेसा लांब धरून):

```
x = cx + R * sin(s / R)
```

आपल्या बरणीत कडेचे ते 67 पिक्सेल ताणून 262 होतात, जवळजवळ चौपट. अक्षराची रुंदी परत येते पण बारकावा येत नाही, जो अनुस्वार फोटोत उमटलाच नाही तो ताणून कुठून येणार. निमुळत्या बाटलीला आणि मानेवरच्या लेबलला तर हे सूत्र असंच्या असं चालतच नाही, कारण तिथे त्रिज्या दर उंचीला बदलते.

सगळ्यात घातक चूक मात्र अंधुक अक्षरांची नसते, तुटलेल्या मजकुराची असते. कडेला "निव्वळ वजन 50" एवढंच दिसतंय आणि पुढचं "0 ग्रॅम" पलीकडे वळलंय, तर वाचणारा बिनधास्त 50 लिहून मोकळा होतो. "साखर" दिसतंय आणि "विरहित" मागे गेलंय, तर अर्थच उलटा. हे ओळखायची खूण अशी की मजकूर खरंच संपला असेल तर त्याच्यानंतर कडेपर्यंत थोडं तरी कोरं लेबल दिसतं, आणि शिरोरेघ थेट बरणीच्या कडेला जाऊन भिडत असेल तर शब्द किंवा ओळ पुढे चालू आहे असंच धरायचं. आकड्यांना शिरोरेघ नसते, तिथे एकक दिसतंय का ते बघायचं, ग्रॅम किंवा मिली नसेल तर आकडा अर्धवट असू शकतो. अशा वेळी मजकूर उतरवताना "50…" लिहून पुढचं दिसत नाही असं नोंदवणं बरोबर, अंदाजाने पुरं करणं चूक, मग तो अंदाज कितीही पटण्यासारखा असो.

लेबल करणाऱ्यांनाही ही अडचण माहीत असते. अमेरिकेच्या एफडीएच्या नियमात गोल डब्याचा दर्शनी भाग उंची गुणिले परीघ याच्या 40 टक्के धरतात, म्हणजे 144 अंश. नाव, वजन असल्या गोष्टी तिथे येतात, घटक पदार्थ आणि पत्ता बहुतेक वेळा बाजूला किंवा मागे. म्हणून समोरून काढलेल्या एकाच फोटोत ब्रँड झकास दिसतो आणि ज्यासाठी फोटो मागितलेला असतो ती घटकांची यादी कडेला चेंगरलेली असते. बरणी पाव-पाव फिरवून चार फोटो काढले तर प्रत्येकातला मधला 90 अंशांचा भाग वापरता येतो, तिथे सगळ्यात वाईट जागीसुद्धा अक्षराची 70 टक्के रुंदी टिकते, आणि कडेचे भाग एकमेकांवर येत असल्याने कुठली ओळ कुठे जोडायची तेही कळतं. चकचकीत लेबलवर उजेडाचा उभा पांढरा पट्टा येतो, पण बरणी फिरवली की तो आपल्या जागीच राहतो आणि मजकूर सरकतो, त्यामुळे एका फोटोत पट्ट्याखाली गेलेले शब्द पुढच्यात मोकळे सापडतात.