असाइनमेंटच्या सूचनापत्रातून गुणदान रुब्रिक: आम्ही ते कसे बनवतो आणि तुमच्याकडून काय लागते

अंतर्गत मूल्यमापनासाठी रुब्रिक करून घ्यायला येणारे बहुतेक प्राध्यापक सोबत एक छापील पान आणतात. विद्यार्थ्यांना दिलेले सूचनापत्र ते हेच. पानावर काम काय करायचे ते असते, खाली एकूण गुण असतात, पण कशाला किती गुण हे कुठेच नसते. त्या पानापासून तपासणीच्या तक्त्यापर्यंत, म्हणजे रुब्रिकपर्यंत, आम्ही कसे जातो हे या पत्रकात एका उदाहरणातून सांगितले आहे. पद्धत कळली की तुम्ही स्वतःही तक्ता करू शकाल. आमच्याकडून करून घेतलात, तरी तो नीट झाला आहे का हे तुम्हाला पारखता येईल.

उदाहरण पदवीच्या भूगोल विषयातले आहे. सूचनापत्रातला मजकूर असा:

"आपल्या गावातील किमान 15 घरांना भेट देऊन रोजच्या पाणीवापराची माहिती गोळा करा. दरडोई दररोजचा वापर काढून तक्ता व आलेखात मांडा. जल जीवन मिशनच्या 55 लिटर या निकषाशी तुलना करून घराघरांतील फरकाची कारणे द्या. गावाला जमतील असे दोन उपाय सुचवा. अहवाल 1500 शब्दांपर्यंत, संदर्भांसह. गुण 20."

आधी क्रियापदे

पहिल्यांदा आम्ही क्रियापदांखाली रेघ ओढतो: गोळा करा, काढा, मांडा, तुलना करा, कारणे द्या, सुचवा. विद्यार्थी जे करणार आहे त्याचेच गुण द्यायचे असतात, म्हणून निकष या शब्दांतूनच निघायला हवेत. एकाच कामाचे भाग असलेली क्रियापदे एकत्र घेतली की इथे चार निकष होतात: माहिती संकलन, आकडेमोड व मांडणी, विश्लेषण आणि उपाय. पाचवा निकष, अहवाल लेखन, 'अहवाल 1500 शब्दांपर्यंत, संदर्भांसह' या वाक्यातून येतो.

तक्त्यातल्या प्रत्येक निकषासमोर सूचनापत्रातले एक वाक्य बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. 'कल्पकता' किंवा 'परिश्रम' हे निकष अनेकांना हवे असतात, पण वरच्या मजकुरात ते कुठेच मागितलेले नाहीत. ते खरोखर हवे असतील तर आधी सूचनापत्रात लिहा. विद्यार्थ्याकडे मागितलेच नाही त्याचे गुण कापले, तर त्याची तक्रार रास्तच ठरते.

काही गोष्टी निकष नसतात, अटी असतात. मुदतीत जमा करणे आणि काम स्वतःचे असणे या दोन्ही अटी तक्त्याबाहेर, वेगळ्या ओळीत लिहाव्यात. उशिराचे गुण 'अहवाल लेखना'तून कापले की त्या ओळीतला आकडा लेखनाबद्दल काहीच सांगत नाही. 15 घरांची अट मात्र संकलनाच्या पातळ्यांमध्ये बसते. तिथेही 30 घरे फिरणाऱ्याला जास्त गुण नाहीत, कारण मागणी 15 चीच आहे.

भारांश ठरवताना

पाच निकष आणि 20 गुण म्हटल्यावर प्रत्येकी चार असे वाटप पटकन सुचते. आम्ही ते टाळायला सांगतो. कारण समजायला दोन विद्यार्थी समोर ठेवा. दोघांचे संकलन आणि आकडेमोड 'चांगले' पातळीचे आहे. पहिल्याचा अहवाल देखणा, लेखनात 'उत्तम' आहे, पण विश्लेषण 'अपुरे' आणि उपाय 'पुरेसे' आहेत. दुसऱ्याचे विश्लेषण 'उत्तम', उपाय 'चांगले', पण लेखन विस्कळीत आणि संदर्भ नाहीत, म्हणजे 'अपुरे'. प्रत्येकी चार गुण धरले आणि 'उत्तम', 'चांगले', 'पुरेसे', 'अपुरे' या पातळ्यांना 4, 3, 2, 1 गुण दिले तर पहिल्याला 13 आणि दुसऱ्याला 14 मिळतात, म्हणजे दोघे जवळजवळ सारखे.

आता सूचनापत्र पुन्हा वाचा. घरे फिरणे, आकडे काढणे आणि तुलना करणे हे सगळे शेवटी 'फरक का पडतो' या एका प्रश्नासाठी आहे. म्हणून विश्लेषणाला 30 टक्के, संकलनाला 25, आकडेमोडीला 20, उपायांना 15 आणि लेखनाला 10 टक्के दिले. 20 गुणांत हे 6, 5, 4, 3 आणि 2 असे बसतात. खालच्या तक्त्याने तपासल्यास पहिल्या विद्यार्थ्याला 12 आणि दुसऱ्याला 15.5 मिळतात. दोघांच्या कामात डोळ्यांना दिसणारा फरक आता गुणांतही दिसतो.

भारांश शेवटी विषय शिकवणाऱ्यानेच ठरवायचे असतात. आम्ही प्रस्ताव देतो, सही तुमची.

पातळ्या: विशेषणे नकोत

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. 'उत्कृष्ट विश्लेषण', 'चांगले विश्लेषण', 'साधारण विश्लेषण' अशी वर्णने लिहिली तर तपासणारा पुन्हा अंदाजावरच गुण देतो, तक्ता नुसता शोभेला राहतो. पातळीच्या चौकटीत असे काही हवे की अहवालाचे पान उघडून 'हे आहे' किंवा 'हे नाही' असे म्हणता यावे.

आकडेमोडीचेच घ्या. एका घरात दोन माणसे आणि रोज 200 लिटर, म्हणजे दरडोई 100. दुसऱ्या घरात आठ माणसे आणि 320 लिटर, म्हणजे दरडोई 40. बरेच विद्यार्थी 100 आणि 40 ची सरासरी काढून 70 लिहितात. खरे उत्तर एकूण 520 लिटर भागिले 10 माणसे, म्हणजे 52 आहे. 70 हा आकडा 55 च्या वर जातो आणि 52 खाली राहतो, त्यामुळे पुढचा निष्कर्षच उलटा होतो. या विषयातली ही नेहमीची चूक असल्यामुळे ती तक्त्यात नाव घेऊन आली पाहिजे. दुसऱ्या विषयाच्या रुब्रिकमधून उचललेल्या वाक्यात ती कधीच येणार नाही, म्हणून आम्ही तयार साचे विकत नाही. खालच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीतला पहिला आकडा म्हणजे त्या पातळीचे गुण.

| निकष (भारांश) | उत्तम | चांगले | पुरेसे | अपुरे |
|---|---|---|---|---|
| माहिती संकलन (25%) | 5 – 15 घरे. माणसे व लिटर दोन्ही नोंदले. लिटर कसे मोजले (हंडा, बॅरल, टाकी) ते लिहिले | 4 – 15 घरे, नोंदी पूर्ण. मोजण्याची पद्धत दिली नाही | 2.5 – 10 ते 14 घरे, किंवा काही घरांच्या नोंदी अर्धवट | 1 – 10 पेक्षा कमी घरे |
| आकडेमोड व मांडणी (20%) | 4 – घरनिहाय दरडोई आकडे बरोबर. गावाची सरासरी एकूण लिटर भागिले एकूण माणसे. आलेखावर एकके | 3 – घरनिहाय आकडे बरोबर. सरासरी चुकीच्या रीतीने, किंवा आलेखावर एकके नाहीत | 2 – काही घरांचे आकडे चुकले. तक्ता व आलेख दोन्ही आहेत | 1 – तक्ता किंवा आलेख यांपैकी एकच |
| विश्लेषण (30%) | 6 – 55 लिटरशी तुलना. फरकाची दोन कारणे स्वतःच्या तक्त्यातील आकडे दाखवून | 4.5 – तुलना आहे; एक कारण आकड्यांसह | 3 – तुलना आहे; कारणे कोणत्याही गावाला लागू पडतील अशी | 1.5 – तक्त्यातले आकडेच पुन्हा शब्दांत लिहिले |
| उपाय (15%) | 3 – दोन उपाय, दोन्ही सापडलेल्या कारणांशी जोडलेले. कोणी करायचे ते सांगितले | 2 – दोन उपाय, त्यांतला एक कारणाशी जोडलेला | 1.5 – दोन उपाय, दोन्ही सर्वसाधारण | 0.5 – एकच उपाय |
| अहवाल लेखन (10%) | 2 – भाग क्रमाने; शब्दमर्यादा पाळली; संदर्भ पूर्ण | 1.5 – संदर्भ अपूर्ण | 1 – क्रम विस्कळीत, किंवा शब्दमर्यादा ओलांडली | 0.5 – क्रम विस्कळीत आणि संदर्भ नाहीत |

एखादा भाग दिलाच नसेल तर त्या ओळीत 0. ही सूचना तक्त्याखाली लिहावीच लागते. 1 ते 4 अशी पातळी धरून गुणाकार करणाऱ्या तक्त्यात ती नसली, तर काहीच न लिहिणाऱ्यालाही त्या निकषाचे पाव गुण मिळून जातात.

आलेखावरची एकके फक्त दुसऱ्या ओळीत आहेत, लेखनात नाहीत. एकाच उणिवेचे गुण दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून हे मुद्दाम केले आहे. तुमचा जुना तक्ता असेल तर त्यात अशा दुहेरी जागा आधी शोधा. 'मांडणी', 'सादरीकरण' आणि 'नीटनेटकेपणा' या तीन ओळींत त्या हमखास सापडतात.

बेरजेची परीक्षा

तक्ता झाला की उभी बेरीज करा. इथे सगळीकडे 'उत्तम' धरले तर 20, 'चांगले' तर 15, 'पुरेसे' तर 10 आणि 'अपुरे' तर 4.5 येतात. उत्तीर्णतेसाठी 40 टक्के, म्हणजे 8 गुण लागत असतील, तर सगळीकडे 'पुरेसे' असलेला पास होतो आणि सगळीकडे 'अपुरे' असलेला नापास होतो. पातळ्यांची नावे आणि निकाल जुळले. ही बेरीज न करता वापरात आणलेल्या तक्त्यात 'पुरेसे' मिळवणाराच नापास झालेला दिसू शकतो.

तक्ता मूडलमध्ये भरणार असाल तर एक काळजी घ्या. प्रत्येक ओळीत 0 गुणांची पाचवी पातळी ठेवा. ती नसेल तर मूडलच्या एका हिशोब-पर्यायात सगळ्यात खालची पातळीच शून्य धरली जाते. मग आपल्या तक्त्यात सगळीकडे 'पुरेसे' मिळवणाऱ्याचे 10 गुण 20 पैकी सुमारे 7 होतात आणि तो नापास होतो. गुगल क्लासरूममध्ये भारांशाचा वेगळा रकाना नसतो, त्यामुळे टक्के आमच्यासारखे गुणांतच उतरवून भरावे लागतात.

दोघांनी तपासून पाहणे

तक्ता वर्गात वाटण्याआधी चार-पाच अहवाल दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावेत. एकूण गुण जुळले तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण वेगवेगळ्या ओळींतले फरक एकमेकांना झाकतात. ओळीनुसार पाहा. एका ओळीत दोघांमध्ये दोन पातळ्यांचा फरक पडत असेल आणि तो पुन्हा पुन्हा त्याच ओळीत पडत असेल, तर दोष त्या ओळीच्या शब्दांत आहे. वरच्या तक्त्यात असा फरक 'कोणत्याही गावाला लागू पडतील अशी' या शब्दांवरून पडू शकतो. तसे झाले तर जुन्या अहवालांतले एक-एक नमुना वाक्य शेजारी जोडावे. एका ओळीत सगळेच अहवाल एकाच पातळीत पडत असतील तर ती ओळ काही वेगळे करत नाही. तिथे पातळ्यांच्या सीमा तरी हलवाव्यात किंवा तिचे गुण दुसरीकडे द्यावेत.

रुब्रिकने सगळे सुटत नाही. गावातल्या विहिरीचा इतिहास खणून काढणारा, मागितलेल्यापेक्षा वेगळे आणि मोलाचे काही आणणारा विद्यार्थी या चौकटीत नीट मावत नाही. त्याच्यासाठी 'विशेष गुण' अशी मोकळी ओळ ठेवू नका, ती लवकरच मर्जीची ओळ होते. शेरा सविस्तर लिहा. आणि असे काम दरवर्षी येत असेल तर पुढच्या सूचनापत्रातच त्याची मागणी करा.

आमच्याकडे काम देताना

सूचनापत्र विद्यार्थ्यांना दिले तसेच पाठवा, सुधारून नको. सोबत एकूण गुण, उत्तीर्णतेचा नियम, अर्धे गुण चालतात की पूर्णच लागतात, आणि मागच्या वर्षीचे तीन अहवाल द्या: एक वरचा, एक मधला, एक खालचा. विद्यार्थ्यांची नावे झाकून द्या. अहवालांशिवायही आम्ही तक्ता करतो, पण मग 'पुरेसे' आणि 'अपुरे' यांच्यातली रेघ तुमच्या वर्गाला धरून नसते, ती पहिल्या तपासणीनंतर हलवावी लागते. पहिला मसुदा वाचताना प्रत्येक चौकटीवर स्वतःला एकच विचारा: हे मला अहवालात कुठल्या पानावर दिसेल? उत्तर सापडत नसेल तिथे खूण करून परत पाठवा. त्या चौकटी आम्ही पुन्हा लिहून देतो.